बाहेर कललेली कंपाऊंडची भिंत: आधी माती उतरवा, मग भिंतीला हात लावा

प्रश्न: आमच्या घरामागची कंपाऊंडची भिंत यंदाच्या पावसाळ्यात बाहेरच्या बाजूला कलली आहे. भिंत नऊ इंची विटांची, बाहेरून सहा फूट उंच आणि बारा वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी बागेसाठी आतल्या बाजूला तीन फूट भराव टाकला होता. भिंतीचा माथा दोनेक इंच बाहेर गेलेला दिसतो. मिस्त्री म्हणतात की बाहेरून दोन पिलर दिले की काम होईल, वाटल्यास वरचे दोन फूट उतरवून भिंत हलकी करू. असे करावे का, की भिंत पाडावीच लागेल?

उत्तर: मिस्त्रींच्या दोन सूचनांपैकी वरचे दोन फूट उतरवण्याची सूचना धोक्याची आहे आणि पिलरची सूचना आज तरी निरुपयोगी आहे. कारण एकच आहे. आपली भिंत कुंपणासाठी बांधलेली होती, माती अडवण्यासाठी नव्हे, आणि गेली तीन वर्षे ती माती अडवण्याचे काम करते आहे. त्यामुळे आधी आतला भराव उतरवणे आणि त्यातले पाणी बाहेर काढणे, आणि ते झाल्यावरच भिंतीचे काय करायचे ते ठरवणे, हा क्रम कोणत्याही परिस्थितीत बदलू नये.

तीन वर्षे काही झाले नाही आणि यंदाच असे का झाले, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. भिंतीच्या एक मीटर लांबीचा विचार करू. नऊ इंच जाडीच्या आणि सहा फूट उंचीच्या विटकामाचे वजन मीटरमागे सुमारे ८०० किलो भरते. भिंत बाहेर उलटायची झाली, तर ती तळाच्या बाहेरच्या कडेवर फिरेल आणि तिचे वजन त्या कडेपासून साधारण साडेचार इंच आत असल्यामुळे ते तिला मागे खेचत राहील. हा मागे खेचणारा जोर, म्हणजे वजन गुणिले अंतर, सुमारे ९२ किलो-मीटर येतो. दुसऱ्या बाजूने तीन फूट कोरडी, मुरमाड माती भिंतीला मीटरमागे सुमारे २४० किलोने ढकलते आणि तिचा उलटवणारा जोर सुमारे ७३ किलो-मीटर होतो. म्हणजे पहिली तीन वर्षे भिंत उभी होती खरी, पण ९२ विरुद्ध ७३ अशा अगदी काठावरच्या हिशेबावर उभी होती.

आता हाच भराव पावसाने माथ्यापर्यंत भरला आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसली, की मातीच्या रेट्यात पाण्याचा दाब मिसळतो. अशा वेळी ढकलणारा जोर २४० वरून सुमारे ५४० किलोवर आणि उलटवणारा जोर १६० च्या आसपास जातो. कागदावर ही भिंत पडायलाच हवी. ती प्रत्यक्षात दोन इंचांवर थांबली आहे, कारण सिमेंटची पकड, मधले खांब, जोत्याची जास्तीची रुंदी यांनी तिला थोडी मदत केली असणार आणि कदाचित पाणीही पूर्ण माथ्यापर्यंत चढले नसणार. चिकण मातीत हे आकडे वेगळे येतील, बहुधा अधिक वाईट. पण आकड्यांतून दिसणारा मुख्य मुद्दा बदलत नाही: भिंत मातीपेक्षा पाण्याने अधिक कलली आहे.

याच हिशेबात मिस्त्रींच्या सूचनेचेही उत्तर आहे. भिंतीला आतून जो रेटा बसतो आहे, त्याच्याविरुद्ध आज मुख्यतः भिंतीचे स्वतःचे वजनच उभे आहे. वरचे दोन फूट उतरवले तर हे वजन एक-तृतीयांशाने कमी होते, ९२ चे ६१ होतात आणि मग कोरड्या मातीचे ७३ देखील त्याला भारी पडतात. भिंत हलकी केली म्हणजे धोका कमी होतो असे सर्वांनाच वाटते, परंतु मागे माती असेपर्यंत नेमके उलटे घडते. शिवाय माथा दोन इंच बाहेर गेला म्हणजे भिंतीचा भारमध्य एक इंच बाहेर सरकला. त्यामुळे मागे खेचणारा जोर आत्ताच ९२ वरून ७२ च्या आसपास उतरला आहे. पाऊस थांबून माती वाळली म्हणून भिंत सुरक्षित झाली असे समजू नये. आता कोरडी मातीसुद्धा तिला बरोबरीने रेटते आहे.

म्हणून आज सर्वांत आधी बाहेरची बाजू मोकळी करावी. भिंतीच्या उंचीच्या दीडपट, म्हणजे नऊ-दहा फुटांचा पट्टा दोरी किंवा पत्रे लावून बंद करावा, तिथे गाडी उभी राहू देऊ नये, मुले खेळू देऊ नयेत. पलीकडे शेजाऱ्यांची जागा असेल तर त्यांना तोंडी सांगून न थांबता लेखी कळवावे आणि सार्वजनिक रस्ता असेल तर स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कार्यालयाला कळवावे. यापुढील मोजमाप, खोदकाम, पाहणी असे प्रत्येक काम आतल्या बाजूनेच करावे. पाणी जाण्यासाठी भिंतीला बाहेरून छिद्रे पाडण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु त्या वेळी माणूस नेमका पडणाऱ्या भिंतीखाली उभा असतो आणि ड्रिलच्या ठोक्यांनी सैल झालेले विटकाम आणखी सैल होते. ते करू नये.

पाणी आतूनच काढता येते. छपराच्या पन्हळीचे पाणी बागेत पडत असेल तर पाइप लावून ते दुसरीकडे न्यावे. बागेला पाणी घालणे बंद करावे. भिंतीलगतच्या पाच-सहा फूट पट्ट्यावर ताडपत्री अशी अंथरावी की तिचा उतार घराकडच्या एखाद्या गटाराकडे जाईल, भिंतीकडे नव्हे. भिंतीपासून पाच फूट आत दोन-अडीच फूट खोल एक खड्डा घेतला, तर आजूबाजूचे पाणी त्यात झिरपत येते आणि ते छोट्या पंपाने उपसता येते. मुरमाड भरावात एका दिवसात फरक दिसतो. चिकण मातीत पाणी फार सावकाश सुटते, तिथे खड्ड्यावर विसंबू नये.

यानंतर माती उतरवण्याचे काम घ्यावे, आणि इथे हिशेबाचा आपल्याला फायदा होतो. उलटवणारा जोर मातीच्या उंचीच्या घनाने बदलतो. त्यामुळे तीन फुटांपैकी वरचा फक्त एक फूट काढला, तरी हा जोर मूळच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी होतो. म्हणून एकाच ठिकाणी खोल खणत न बसता भिंतीच्या संपूर्ण लांबीवरचा वरचा एक फूट आधी काढावा आणि मग दुसऱ्या थराला हात घालावा. भिंतीपासून आत किमान सहा-सात फूट रुंदीचा पट्टा उतरवावा. काम फावडे आणि घमेल्यानेच व्हावे. जेसीबी भिंतीजवळ आणला, तर त्याचे वजन आणि त्याची थरथर हाच नवा रेटा होतो. काढलेली माती भिंतीपासून दहा फुटांच्या आत साठवू नये. हे सांगावे लागते, कारण कामगार सोयीसाठी ढीग जवळच घालतात आणि काढलेले वजन पुन्हा तिथेच येऊन बसते. एका भिंतीच्या कामात सकाळी काढलेल्या मातीचा ढीग दुपारी भिंतीपासून चार फुटांवर उभा असलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि त्याच संध्याकाळी ओळंब्यात पाच मिलिमीटरची वाढ मिळाली होती.

ओळंबा मात्र माती काढण्याच्या आधीपासूनच लावलेला असावा, कारण भिंत थांबली आहे की अजून सरकते आहे हे डोळ्यांना कळत नाही. भिंत बाहेर कललेली असल्याने आतल्या बाजूने माथ्यावरून सरळ सोडलेला ओळंबा भिंतीलाच टेकतो. त्यासाठी माथ्यावर एक लाकडी पट्टी अशी घट्ट बसवावी की ती सहा इंच आत यावी आणि तिच्या टोकापासून ओळंबा सोडावा. वाऱ्याने तो हलू नये म्हणून त्याचा गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा. दोरी आणि भिंत यांच्यातील अंतर वरच्या टोकाला आणि मातीच्या जरा वर, अशा दोन ठिकाणी मोजावे. वर १५० मिलिमीटर आणि खाली ११५ आले, तर तेवढ्या उंचीत भिंत ३५ मिलिमीटर बाहेर गेली आहे. मातीखालचा भाग यात येत नाही, त्यामुळे पूर्ण उंचीचा कल त्या प्रमाणात वाढवून घ्यावा. लांबीवर तीन ठिकाणी असे माप घ्यावे, सकाळ-संध्याकाळ वहीत लिहावे आणि त्या दिवशी पाऊस किती झाला तेही शेजारी नोंदवावे.

एक-दोन मिलिमीटरचा फरक मोजण्यातली चूक असू शकतो. परंतु सलग दोन वेळा वाढ दिसली आणि ती मिळून चार-पाच मिलिमीटरांवर गेली, तर भिंत सरकते आहे असे समजून आतलेही काम थांबवावे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरना त्याच दिवशी बोलवावे. गिलाव्याचे पापुद्रे आपोआप गळू लागणे, तडे रुंदावून त्यांतून ताजी भुकटी पडणे किंवा भिंतीच्या बुडातून बाहेर गढूळ पाणी येणे ही त्याहून तातडीची लक्षणे आहेत. स्वच्छ पाणी झिरपले तर ते चांगलेच आहे. गढूळ पाणी म्हणजे पायाखालची माती धुपून चालली आहे. आणखी एक विनंती अशी की, हे सारे संपेपर्यंत कोणत्याही तड्यात सिमेंट भरू नये. तडा कुठे आहे आणि किती रुंद आहे हाच आपल्याकडचा पुरावा असतो.

माती उतरून भिंतीची आतली बाजू उघडी झाली की खरी तपासणी करता येते. भिंत कुठून फिरली आहे, जोत्यावरून की पायापासून, हे शोधायचे असते. पहिल्या प्रकारात जोत्याच्या माथ्याजवळ आतल्या बाजूने एक आडवा तडा सापडतो. तो बहुधा भरावाखाली दडलेला असतो, म्हणून आधी दिसत नाही. जोत्याचा उघडा भाग स्वच्छ करून त्याच्या रुंदीवर स्पिरिट लेव्हल ठेवावी. बुडबुडा मध्ये राहिला तर पाया जागेवर आहे आणि फक्त वरचे विटकाम तडा गेलेल्या रेषेवर फिरले आहे. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. जोतेच बाहेर कललेले निघाले, आणि आतल्या जमिनीत भिंतीला समांतर लांब भेग दिसली, तर पायाच फिरला आहे.

पाया फिरण्यामागे केवळ भराव नसतो. बाहेरच्या बाजूने कोणी गटार किंवा केबलसाठी चर खणला आहे का, ते जरूर पाहावे. बाहेरची माती पायाच्या बुडाला टेकण देत असते आणि ती गेली की पायाला धरून ठेवणारे काही उरत नाही. दुसरी एक फसवी गोष्ट म्हणजे पायाची खोली. नकाशावर तीन फूट खोल पाया लिहिलेला असतो, परंतु तो आतल्या उंच जमिनीपासून मोजलेला असतो. मी पाहिलेल्या एका भिंतीचा पाया आतून साडेतीन फूट खोल होता आणि बाहेरच्या जमिनीखाली जेमतेम सहा इंच. पायाची खोली नेहमी बाहेरच्या, खालच्या जमिनीपासून मोजावी. जमीन काळी असेल आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडत असतील, तर पाया दरवर्षी फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या थरावर बसलेला आहे आणि त्याची दुरुस्ती वरवरच्या उपायांनी होणार नाही.

कल किती चालेल, याचा एक साधा निकष आहे. मोकळ्या उभ्या भिंतीचा माथा तिच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून जास्त बाहेर गेला, तर तळाशी आतल्या बाजूने ताण येतो आणि विटकाम ताण जवळजवळ सोसत नाही. नऊ इंची भिंतीला ही मर्यादा तीन इंच, म्हणजे सुमारे ७५ मिलिमीटर आहे. साडेचार इंची भिंतीला ती दीडच इंच आहे. आपली भिंत दोन इंचांवर आहे, त्यामुळे माती उतरवल्यावर ती आपल्या वजनावर उभी राहू शकेल. परंतु आडवा तडा गेला असेल, तर त्या रेषेवर भिंत नुसती ठेवल्यासारखी आहे, जोडलेली नाही, आणि जोराच्या वाऱ्याला किंवा कोणी टेकून चढल्यास ती तेवढ्याने जाऊ शकते. जॅकने किंवा साखळीने ओढून ती सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. विटांची भिंत वाकून सरळ होत नाही, मध्येच तुटते.

आता पिलरविषयी. बाहेरून दिलेला पिलर भिंतीला उपयोगी पडायचा असेल, तर त्याचा पाया मूळ पायाइतका किंवा अधिक खोल हवा आणि त्याच्या विटा मूळ विटकामात दाते काढून गुंतवलेल्या हव्यात. मिस्त्रींच्या मनातला पिलर बहुधा फूटभर खड्ड्यात, पावसाने मऊ झालेल्या मातीवर उभा राहील आणि गिलाव्याने भिंतीला चिकटवला जाईल. तो स्वतःच्या वजनाने खचतो. सुटा असेल तर त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये फट पडते, घट्ट जोडलेला असेल तर तो भिंतीला आपल्याबरोबर खाली आणि बाहेर ओढतो. त्याशिवाय त्याचा पाया खणताना भिंतीच्या बुडाशी बाहेरून खड्डा घ्यावा लागतो, म्हणजे राहिलेले टेकणही आपणच काढतो. काही दिवसांसाठी आधार द्यायचाच असेल तर लाकडी किंवा लोखंडी तिरके टेकू अधिक योग्य. भिंतीच्या साधारण दोन-तृतीयांश उंचीवर उभी फळी लावून, जमिनीशी ४५ ते ६० अंशांत, दोन-दोन मीटरवर टेकू द्यावेत. खाली रुंद फळी ठेवून पाचर हाताने घट्ट करावी, हातोड्याने ठोकू नये. परंतु हे काम बाहेरच्या बाजूला उभे राहून करावे लागते, म्हणून ते ओळंबा स्थिर असतानाच आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

पाडावी की नाही, याचे उत्तर आता देता येईल. जोते पातळीत निघाले तर पाया ठेवून जोत्यावरचे विटकाम उतरवावे आणि नव्याने बांधावे. जोतेही कललेले असेल तर पायासकट काढावे लागेल. दोन्ही प्रकारांत उतरवणे वरून खाली, एकेक थर, हाताने, आणि माती पूर्ण उतरल्यानंतरच. खालून पहार घालून भिंत एकदम लोटून देण्याची पद्धत वापरू देऊ नये. सरळ राहिलेला भाग पाडण्याची गरज नाही, मात्र जुना भाग आणि नवा भाग यांच्यात उभा सांधा ठेवावा.

नव्या भिंतीच्या बाबतीत आपल्यापुढे दोन वाटा आहेत, आणि जागा असेल तर मी पहिली निवडेन. भिंतीलगतची माती बाहेरच्या पातळीपर्यंत उतरवून ठेवायची आणि बागेचा भराव भिंतीपासून आत एकास दोन उतारावर संपवायचा. तीन फुटांच्या भरावाला यासाठी सहा फूट उतार आणि त्यापुढे फूटभर रुंदीची नाली लागते, म्हणजे एकूण सात फूट जागा. त्यावर गवत किंवा झुडपे लावता येतात, आणि भिंत पुन्हा फक्त कुंपण होते, जे काम ती बारा वर्षांपैकी नऊ वर्षे नीट करत होती.

सात फूट सोडणे शक्य नसेल तर माती अडवणारी आरसीसी भिंत बांधावी लागते. तिचे डिझाइन इंजिनिअरकडून करून घ्यावे. तरीही सळई बांधल्यानंतर आणि काँक्रीट ओतण्याआधी आपण स्वतः दोन गोष्टी पाहाव्यात. ही भिंत इंग्रजी एल अक्षरासारखी असते आणि तिची पायाची पाटी मातीच्या बाजूला, म्हणजे आपल्या बागेखाली यायला हवी, कारण पाटीवर बसलेली मातीच तिला धरून ठेवते. पाटीची रुंदी तळापासून मातीच्या माथ्यापर्यंतच्या उंचीच्या साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश असते. दुसरे म्हणजे उभ्या मुख्य सळया मातीच्या बाजूच्या पृष्ठाजवळ असायला हव्यात, कारण ताण तिथे येतो. त्या मधोमध किंवा बाहेरच्या बाजूला बांधल्या, तर सळई तेवढीच लागते आणि भिंतीची ताकद मात्र बरीच घटते. ही चूक मला अनेकदा सापडली आहे आणि काँक्रीट पडल्यावर ती कोणालाच दिसत नाही.

पाण्यासाठी बाहेरच्या जमिनीपासून अर्धा फूट वर, दर दीड मीटरवर, बाहेर उतार दिलेले तीन इंची पाइप ठेवावेत. नुसते पाइप पुरत नाहीत. त्यांच्या मागे भिंतीच्या पूर्ण लांबीवर फूटभर रुंदीचा खडीचा पट्टा हवा आणि तो जिओटेक्स्टाईल कापडात गुंडाळलेला हवा, नाहीतर एका पावसाळ्यात माती येऊन पाइप बुजतात. खडीच्या डोक्यावर अर्धा फूट चिकण मातीचा थर घराकडे उतार देऊन दाबावा, म्हणजे वरचे पाणी थेट भिंतीमागे उतरत नाही. रंगकाम करणाऱ्यांना पाइपची तोंडे दाखवून ठेवावीत. ती भोके वाईट दिसतात म्हणून पुट्टीने बुजवलेली भिंत मी पाहिली आहे, आणि बोलावणे आले होते ते ती कलल्यानंतर.

काँक्रीटला चार आठवडे पूर्ण होईपर्यंत मागे भराव घालू नये. नंतर तो अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांत, हाताच्या धुमसाने दाबत घालावा आणि भिंतीपासून तीन फुटांत रोलर आणू नये. पुढच्या पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या सरीनंतर बाहेर जाऊन पाइपांची तोंडे पाहावीत. काही पाइपांतून पाणी येत असेल आणि काही कोरडे असतील, तर कोरड्या पाइपांत सळई घालून ते मोकळे करावेत. सगळेच कोरडे असतील आणि बागेत मात्र चिखल असेल, तर खडीचा पट्टा एका ठिकाणी उघडून पाहावा लागेल, आणि ते काम त्याच आठवड्यात करावे.